मंजुरी तुमचीच, सहीही तुमचीच, मग दुसरा हप्ता अडलाय कुठं?

बहिणीच्या शिष्यवृत्तीचा मंजुरी आदेश मी घरात छापलेला नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारी कार्यालयानंच काढलाय. त्यात तिचं नाव आहे, अर्ज क्रमांक आहे, मंजूर रक्कम 48,000 रुपये आणि दोन समान हप्ते असं स्पष्ट लिहिलंय. पहिले 24,000 खात्यात आले. दुसऱ्याचा पत्ता नाही, वर्ष संपत आलं, आणि कॉलेज म्हणतंय फी भरा, मगच हॉलतिकीट.

कोल्हापुरात त्या खिडकीवर गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "खातं आधारला लिंक नसंल." अहो, पहिला हप्ता त्याच खात्यात आला की! मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथं आधार जोडलं असतं, तर पैसे तिकडं वळले असते, हे मान्य. म्हणून आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं. बँक तीच, स्टेटस चालू. प्रिंट समोर ठेवली, तर लगेच दुसरं उत्तर: "मग ट्रेझरीत असंल." बिल क्रमांक सांगा म्हटलं, तर गप्प. बिल खरंच कोषागारात गेलं असेल तर त्याला क्रमांक असणार, तारीख असणार. ती सांगता येत नाही म्हणजे ते तुमच्याच टेबलावर पडून आहे, असंच मी समजणार!

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. इथं यायचं म्हणजे खाडा, पगार कापला जातो. त्यात हे मलाच मंजुरी आदेशाची झेरॉक्स मागतात. स्वतःच्या आदेशाची!

आता तोंडी बोलणं बंद. अर्जात सरळ लिहिलंय:

"विषय: मंजूर शिष्यवृत्तीचा प्रलंबित दुसरा हप्ता अदा करणेबाबत. सोबतच्या मंजुरी आदेशानुसार (क्रमांक व दिनांक वर नमूद) एकूण 48,000 रुपये मंजूर असून 24,000 मिळाले आहेत. उर्वरित 24,000 रुपये तात्काळ अदा करावेत. बिल कोषागारात सादर झाले असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक, रक्कम परत आली असल्यास परतीचे कारण, आणि दोन्ही नसल्यास प्रकरण कोणाकडे प्रलंबित आहे ते लेखी कळवावे."

सोबत आदेशाची प्रत, पहिल्या हप्त्याची नोंद असलेलं पासबुकाचं पान, सीडिंगची प्रिंट. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "ठेवून जावा, बघतो." नाही ठेवून जाणार! दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेऊनच हललो. पोच नसेल तर उद्या "अर्जच आला नाही" म्हणायला हे मोकळे.

महाराष्ट्रात 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. फाइल एका कर्मचाऱ्याकडं सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात लिहिलंय. आवक क्रमांकाची तारीख माझ्याकडं आहे. सात दिवस भरले की माहिती अधिकारात याच फाइलचा प्रवास मागणार, कोणत्या टेबलावर किती दिवस होती ते नावानिशी.