झोप आली म्हणून जोडी जुळत नाही

"सर, आमच्या बॅचमध्ये सगळ्यांच्या वहीत एक युक्ती आहे. झोप आणणारं औषध गाबाचं, दुखणं थांबवणारं ओपिऑइडचं, नावातच गाबा असेल तर विचारच करायचा नाही. ग्लुटामेटचं औषध परीक्षेला येतच नाही. औषध आणि त्याचा रिसेप्टर यांच्या जोड्या लावताना एवढं पुरतं, खरं का?"

नाही पुरत. कोल्हापुरात फार्मसीच्या मुलांची उजळणी घेताना दरवर्षी याच युक्तीमुळे गेलेले मार्क बघतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नावापासून सुरू करू. गाबापेंटिनचा रेणू गाबासारखा दिसतो, कारण तो तसाच बनवायला घेतला होता. पण तो गाबा-ए रिसेप्टरला चिकटत नाही आणि गाबा-बीलाही नाही. तो आणि प्रीगाबालिन हे दोघंही मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-2-डेल्टा या भागाला चिकटतात. त्यामुळे आत जाणारं कॅल्शियम कमी होतं आणि बाहेर पडणारं ग्लुटामेटही कमी होतं. आता इथं दुसरा सापळा असतो. पर्यायात "ग्लुटामेट रिसेप्टर अडवते" असं असेल तर तेही चूकच, कारण रिसेप्टरला हात लागलेलाच नाही, फक्त तिथं पोहोचणारा माल घटला. उलट बॅक्लोफेनच्या नावात गाबा कुठं आहे? तरी ते गाबा-बीचं खरंखुरं अ‍ॅगोनिस्ट आहे, आणि आखडलेले स्नायू सैल करायला देतात ते त्याच जोरावर.

दुखण्याचंही तसंच. केटामाइन चांगलं वेदनाशामक आहे, पण त्याचं मुख्य काम एनएमडीए या ग्लुटामेट रिसेप्टरवर चालतं. त्याची वाहिनी उघडली की ते आत शिरून बूच मारतं. ग्लुटामेटच्या जागेसाठी ते भांडत नाही, म्हणून ते नॉन-कॉम्पिटिटिव्ह. अल्झायमरमध्ये देतात ते मेमँटिनही त्याच वाहिनीत बसतं. म्हणजे ग्लुटामेट परीक्षेला येतं, आणि चांगलं येतं. दुसऱ्या टोकाला लोपेरामाइड. राजारामपुरीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जुलाबासाठी मिळणारी ही गोळी म्यू ओपिऑइड रिसेप्टरवरच काम करते, पण आतड्यातल्या. नेहमीच्या डोसमध्ये मेंदूच्या वेशीवरचा पी-ग्लायकोप्रोटीन पंप तिला बाहेर ढकलतो, म्हणून ना दुखणं थांबत, ना गुंगी येत. परिणाम बघून जोडी लावणारा इथं हमखास फसतो.

झोपेबद्दल जास्त सांगावं लागेल. मॉर्फिननंही झोप येते, प्रीगाबालिननंही येते, आणि त्यांची ठिकाणं वेगळी. शिवाय गाबा-ए हे उत्तर बरोबर असलं तरी काम संपत नाही. डायझेपाम आणि फिनोबार्बिटोन दोन्ही त्याच रिसेप्टरवर बसतात, पण वेगवेगळ्या जागी. डायझेपाममुळे क्लोराइडची वाहिनी जास्त वेळा उघडते, आणि त्यासाठी गाबा हजर असावं लागतं. फिनोबार्बिटोनमुळे ती जास्त वेळ उघडी राहते. बार्बिट्युरेटचा डोस खूप वाढला की गाबा नसतानाही ती उघडते, म्हणून त्यांचा ओव्हरडोस जास्त जीवघेणा. फ्लुमाझेनिल फक्त बेन्झोडायझेपिनच्या जागेवर बसतं. डायझेपाम उतरतं, झोल्पिडेमही उतरतं, फिनोबार्बिटोन उतरत नाही.

मग जोडी लावायची कशी? प्रत्येक औषधाला विचारा: तू बसतोस कुठं, आणि तुला उठवतं कोण?

एक प्रश्न सोडवून दाखवतो. छोट्या प्रक्रियेसाठी रुग्णाला मिडाझोलाम आणि फेंटानिल दिलं. थोड्या वेळानं श्वास मिनिटाला 6, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारली तर उत्तर नाही. वहीतली युक्ती म्हणेल गुंगी आहे, गाबा लिहा. पण बाहुल्या ओपिऑइडकडे बोट दाखवतात. श्वासाला आधार देत नॅलोक्सोन थोड्या थोड्या मात्रेनं दिलं, श्वास 14 वर आला, बाहुल्या मोठ्या झाल्या, पण रुग्ण झोपलेलाच. उतरलं ते फेंटानिल. उरलेली झोप मिडाझोलामची, आणि तिच्यावर फ्लुमाझेनिल चालतं. रुग्ण बरेच महिने बेन्झोडायझेपिन घेत असेल तर मात्र फ्लुमाझेनिलनं झटके येऊ शकतात, हा पुढचा उपप्रश्न असतोच.

त्याच प्रश्नात फेंटानिलच्या जागी मॉर्फिन लिहिलेलं असेल तर आणखी एक ओळ वाढवा. नॅलोक्सोनचा असर साधारण 30 ते 90 मिनिटं, मॉर्फिनचा काही तास. त्यामुळे सुधारलेला श्वास पुन्हा मंदावू शकतो, आणि "यानंतर काय कराल" याचं उत्तर "लक्ष ठेवून लागेल तसं नॅलोक्सोन पुन्हा" असं येतं. दोन्हींच्या जागी एकटं केटामाइन असेल तर नॅलोक्सोन आणि फ्लुमाझेनिल या दोन्ही पर्यायांवर काट मारा.