संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स: गुणाकार जुळतो तो कसा

«संमिश्र संख्या 2×2 मॅट्रिक्सच्या रूपात लिहिणे ही निव्वळ हातचलाखी आहे. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते, संमिश्र संख्यांच्या नाही. मग दोन्ही जुळतील कसे? शिवाय उणे चिन्ह कुठेही टाकले तरी चालते.»

पहिला आक्षेप सर्व 2×2 मॅट्रिक्सना लागू पडतो. येथे मात्र एका खास साच्यातलीच मॅट्रिक्स घ्यायची आहेत. a+bi साठी वरच्या ओळीत a, −b आणि खालच्या ओळीत b, a असे लिहितात. आता 2+3i आणि 1+4i घेऊ. नेहमीच्या रीतीने गुणाकार 2+8i+3i+12i², म्हणजे −10+11i येतो. मॅट्रिक्सने:

```
[2 -3]   [1 -4]   [-10 -11]
[3  2] × [4  1] = [ 11 -10]
```

वरच्या ओळीतील पहिले पद 2·1 + (−3)·4 = −10 आणि खालच्या ओळीतील पहिले पद 3·1 + 2·4 = 11; उत्तर त्याच साच्यात येते आणि −10+11i हीच संख्या दाखवते. अर्थात एका उदाहरणाने सिद्धता होत नाही. a+bi आणि c+di घेऊन हेच केले, तर पहिल्या स्तंभात ac−bd आणि bc+ad मिळतात, दुसऱ्यात −(ad+bc) आणि ac−bd. a, b यांची c, d शी अदलाबदल केली तरी या राशी बदलत नाहीत, म्हणून या साच्यापुरता गुणाकार क्रमनिरपेक्ष आहे.

उणे चिन्हाबाबतचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. ते खालच्या डाव्या कोपऱ्यात नेले तरी गुणाकार जुळतो. ते अजिबात गाळले, तर i च्या जागी येणाऱ्या मॅट्रिक्सचा वर्ग −1 ऐवजी +1 दर्शवतो आणि शून्य नसलेल्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य येऊ शकतो:

```
[1 1]   [ 1 -1]   [0 0]
[1 1] × [-1  1] = [0 0]
```

संमिश्र संख्यांत असे कधीच घडत नाही. मूळ साच्यात निश्चयक a²+b² असतो आणि a, b दोन्ही शून्य असल्याखेरीज तो शून्य होत नाही; चिन्ह गाळल्यावर तो a²−b² होतो, आणि a=b असले की संपला.

खरा धोका उणे चिन्ह वर उजवीकडे लिहिण्याची पहिली पद्धत आणि खाली डावीकडे लिहिण्याची दुसरी पद्धत यांची सरमिसळ होण्यात आहे. 2+3i पहिल्या पद्धतीने आणि 1+4i दुसऱ्या पद्धतीने लिहून गुणाकार केला, तर दुसऱ्या संख्येची अनुबद्ध संख्या गुणली जाते आणि 14−5i हे चुकीचे उत्तर मिळते. साचा बिघडत नाही, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. निश्चयक ताडून पाहिला तरी ती सापडत नाही, कारण 13×17 = 221, बरोबर उत्तराचा 100+121 = 221 आणि चुकीच्या उत्तराचाही 196+25 = 221 च येतो. अशा वेळी दोन्ही मॅट्रिक्समध्ये i ची जागा कशी भरली आहे, हे मुळातच तपासावे लागते.