दारू सोडली म्हणून कावीळ झाली, असं कुणी सांगत असेल तर आधी हे वाचा

"रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की लिव्हरला झटका बसतो आणि कावीळ होते, म्हणून थोडी थोडी चालू ठेवावी. एसजीपीटी दुपटीच्या आत असेल तर लिव्हर ठणठणीत समजा. बिअरने लिव्हर खराब होत नाही. आणि एकदा सिरॉसिस झाला की मग सोडून काही फायदा नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

हा मेसेज माझ्या चुलतबहिणीला आला तो नेमका तिच्या नवऱ्याचे डोळे पिवळे दिसायला लागले त्याच आठवड्यात. भावोजी कित्येक वर्षं रोज पिणारे, दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःहून बंद केली होती, त्यामुळे तिला वाटलं हेच कारण असणार, आणि तिने चक्क रात्री जेवणाआधी त्यांना 30 मिली औषधासारखी मोजून द्यायला सुरुवात केली. मी नर्स आहे, लिव्हरच्या पेशंटमध्येच माझा दिवस जातो, फोनवर हे ऐकून माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही, हे लिहिणाऱ्यावर.

पहिल्या वाक्यापासूनच सुरू करते. रोज पिणारा माणूस सहज म्हणून एक दिवस उठून सोडत नाही हो. बरेचदा तो सोडतो कारण त्याला पिणं जमेनासं होतं. भूक मेलेली असते, मळमळत असतं, अंगात कणकण असते, उजव्या बरगडीखाली दुखतं, दारूचा वाससुद्धा नको होतो. म्हणजे लिव्हरला सूज आधीच आलेली असते, फक्त डोळे पिवळे व्हायला अजून काही दिवस जातात आणि तोवर पिणं बंद झालेलं असतं. घरच्यांना काय दिसतं, आधी सोडली, मग कावीळ झाली.

अमेरिकेत एनआयएएए म्हणून दारूच्या दुष्परिणामांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या पाठबळावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटांनी 2016 मध्ये अल्कोहोलिक हिपॅटायटिस, म्हणजे दारूने लिव्हरला येणारी सूज, नेमका कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं. त्यात लिहिलंय की माणूस निदान सहा महिने भरपूर पीत असला पाहिजे, बाई असेल तर दिवसाला 40 ग्रॅमच्या वर आणि पुरुष असेल तर 60 ग्रॅमच्या वर अल्कोहोल, आणि कावीळ सुरू झाली तेव्हा दारू सोडून 60 दिवस झालेले नसावेत. नीट वाचा, सोडून महिना झाल्यावर डोळे पिवळे झाले तरी तो याच आजारात बसतो. दारूने आतड्याचं अस्तर सैल होतं, तिथल्या जंतूंची विषं लिव्हरपर्यंत पोचतात, पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात, आणि ही सूज ग्लास खाली ठेवला म्हणून त्याच दिवशी उतरत नाही. वॉर्डात एक थेंबही न घेतलेल्या पेशंटचं बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं रक्तातलं द्रव्य, सुरुवातीचे दिवस वरच जाताना मी कितीदा बघितलंय. अशा वेळी त्याला मोजून का होईना दारू देणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते, कारण या खोटेपणाला तिचाच आधार मिळतो. खूप वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका रात्रीत बंद करणं खरंच धोक्याचं ठरू शकतं. पण तो झटका लिव्हरला नाही, मेंदूला बसतो. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. याने जीवही जातो. त्यावरचा उपाय मात्र दवाखान्यात औषधांच्या मदतीने पूर्ण बंद करणं हा आहे. लिव्हर खराब असेल तर डॉक्टर लोराझेपामसारखी, लिव्हरवर कमी भार टाकणारी गोळी निवडतात, आणि थायमिन, म्हणजे बी-1, सलाइनमधून ग्लुकोज लावायच्या आधी देतात. भावोजींचे तर ते धोक्याचे दिवस केव्हाच उलटून गेले होते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा अर्धा मुद्दाही लागू नव्हता.

आता एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. माझ्या मते या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते वाचून माणसं दवाखान्यातच जात नाहीत. बहीण मला म्हणाली, "ताई, एसजीपीटी 56च आलंय गं, 40 पर्यंत नॉर्मल असतं ना, मग फार काही नाही ना?" मी म्हटलं मला पूर्ण रिपोर्टचा फोटो पाठव, फक्त त्या ओळीचा नको.

पूर्ण रिपोर्ट असा होता. बिलिरुबिन 14.2. एसजीओटी 148, एसजीपीटी 56. अल्ब्युमिन 2.6. पांढऱ्या पेशी 17,000. आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, 21 सेकंद, शेजारी कंट्रोल, म्हणजे निरोगी रक्ताला लागणारा वेळ, 13 सेकंद. तिने यातला सगळ्यात शांत आकडा धरून ठेवला होता, कारण मेसेजने तिला तोच बघायला शिकवलं होतं.

दारूच्या हिपॅटायटिसमध्ये हे दोन्ही एन्झाइम फार वर जातच नाहीत. त्याच 2016 च्या व्याख्येत दोन्ही 400 च्या आत, एसजीओटी 50 च्या वर, ते एसजीपीटीच्या दीडपटीपेक्षा जास्त, आणि बिलिरुबिन 3 च्या वर, असं दिलंय. भावोजींचं एसजीओटी एसजीपीटीच्या अडीचपटीहून जास्त होतं, म्हणजे अगदी ठरलेलं चित्र. एसजीपीटीला काम करायला बी-6 लागतं आणि खूप पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं, म्हणून सूज भयंकर असली तरी हा आकडा दबलेला राहतो. उलट हे आकडे हजारात गेले असते तर डॉक्टरांनी दुसरं कारण शोधलं असतं, कावीळचा व्हायरस किंवा पॅरासिटामॉलचा मोठा डोस वगैरे.

मग आजार किती गंभीर आहे हे कशावरून कळतं? बिलिरुबिन आणि रक्त गोठायचा वेळ यांवरून. यासाठी मॅड्री स्कोअर म्हणून एक जुना हिशोब आहे, कागदावर करता येतो. पेशंटच्या सेकंदांतून कंट्रोलचे सेकंद वजा करायचे, आलेल्या आकड्याला 4.6 ने गुणायचं, त्यात बिलिरुबिन मिळवायचं. इथे 21 वजा 13 म्हणजे 8, त्याला 4.6 ने गुणलं की 36.8, त्यात 14.2 मिळवले की 51. हा आकडा 32 किंवा जास्त असला की आजार सिव्हिअर. 2015 मध्ये छापून आलेल्या ब्रिटनमधल्या हजारावर पेशंटच्या ट्रायलमध्ये असेच सिव्हिअर पेशंट घेतले होते, आणि दवाखान्यात राहूनही, ज्यांना स्टेरॉइड दिलं नव्हतं त्यांच्यातला साधारण सहातला एक जण 28 दिवसांत गेला. आणि एसजीपीटी 56 बघून मेसेज म्हणतो ठणठणीत!

रिपोर्ट नसला तरी काही गोष्टी घरी दिसतात. पिणाऱ्या माणसाचे डोळे काही दिवसांत किंवा आठवड्यांत पिवळे झाले, पोट फुगत चाललंय पण हातपाय काडीसारखे झालेत, ताप आहे, लघवी कमी होतेय, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झालंय, बोलणं असंबद्ध वाटतंय, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते, यातलं काहीही कावीळीसोबत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. भावोजींचं पोट फुगलं होतं, बहिणीला वाटत होतं गॅसेस आहेत.

ऍडमिट झाल्यावर आधी इन्फेक्शन शोधलं, रक्त, लघवी, छातीचा एक्सरे आणि पोटातलं पाणी सुईने काढून तपासणी. हे आधी करावं लागतं कारण यावर जे प्रेडनिसोलोन देतात, रोज 40 मिलिग्रॅम, ते स्टेरॉइड आहे आणि त्याने दबलेलं इन्फेक्शन उसळतं. ते मिळालं नाही म्हणून गोळी सुरू झाली, आणि सातव्या दिवशी बिलिरुबिन किती उतरलं ते धरून दुसरा एक स्कोअर काढला, लिल. तो 0.45 च्या वर गेला तर गोळीचा उपयोग होत नाहीये असं समजून बंद करतात. त्यांचा खाली आला, गोळी चालू राहिली. पण त्याच ब्रिटिश ट्रायलमध्ये 90 दिवसांनी आणि वर्षाने पाहिलं तर स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही. म्हणजे गोळी मिळाली तरी ती फार तर पहिला महिना काढून देते, त्यापुढचं सगळं दारू पूर्ण बंद राहते की नाही यावर.

बिअरबद्दल फार लिहीत नाही. 5 टक्क्यांची 500 मिली बिअर आणि 42 टक्क्यांची 60 मिली व्हिस्की, दोन्हीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल. 8 टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर 500 मिलीत 32 ग्रॅम, तसे दोन कॅन रोज झाले की पुरुषाची 60 ग्रॅमची रेषा ओलांडली. लिव्हरला लेबल वाचता येत नाही.

राहिलं शेवटचं, सिरॉसिसनंतर फायदा नाही म्हणे. लिव्हरमध्ये आधी चरबी साठते, खूप पिणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांच्यात, आणि ती पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरते. मग काहींना सूज, मग जखमेच्या वणासारखे धागे, म्हणजे फायब्रोसिस, आणि ते वाढून लिव्हरच्या गाठी गाठी झाल्या की सिरॉसिस. अल्कोहोलिक हिपॅटायटिस या वाटेवर कुठेही येऊन आदळू शकतो, पुष्कळदा खाली सिरॉसिस आधीच असतो. वण पूर्ण जात नाहीत हे खरं, पण उपयोग नाही हे साफ खोटं. 1968 सालचा पॉवेल आणि क्लॅट्सकिन यांचा सिरॉसिसच्याच पेशंटचा अभ्यास आहे, पाच वर्षांनी सोडणाऱ्यांतले शंभरातले 63 जिवंत होते आणि पीत राहणाऱ्यांतले साधारण 40. कमी करणाऱ्यांचा नाही, सोडणाऱ्यांचा आकडा सांगतेय.

भावोजींना सिरॉसिस आहे का हे बहीण रोज विचारते. आत्ता सांगता येत नाही. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन सूज असताना ते आहे त्यापेक्षा कडक दाखवतो, त्यामुळे आज केला तर आकडा बघून सगळे उगाच हाय खातील. दारू पूर्ण बंद ठेवून, कावीळ उतरल्यावर काही महिन्यांनी करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तोवर ते 30 मिलीचं माप तिने घरातून काढून टाकलंय.