दोनच मिनिटं बोलायचंय

रविवारी रात्री मी आठवड्याचं कॅलेंडर रंगवायला बसलो. साडेनऊ ते अकरा निळं, म्हणजे डोकं लावून करायचं काम. अकरा ते बारा हिरवे ईमेल. बारा ते साडेबारा जेवण, करडं. साडेबारा ते अडीच पिवळा अहवाल. तीन दहाला लेकीची शाळा सुटते, तिथं लालभडक चौकोन. अडीचपर्यंत कुठं बोटभर जागा रिकामी ठेवली नाही. अभिमानानं लॅपटॉप बायकोकडे वळवला. तिनं नीट पाहिलं आणि विचारलं, "यात बाथरूमला कधी जाणार?"

सोमवारी ९ वाजून ४२ मिनिटांनी शाळेतून फोन आला, चित्रकलेची वही घरीच राहिली. तो ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या टेबलावरून मान डोकावली, "दोनच मिनिटं बोलायचंय." दोन मिनिटं हे वेळेचं माप नाही, ती प्रस्तावना असते. अकरा वाजले तेव्हा निळ्यातला एकच परिच्छेद झाला होता आणि तोही मी खोडला होता. मग निळं हिरव्यात घुसलं, हिरवं पिवळ्यात, आणि दुपारपर्यंत माझ्या कॅलेंडरला शाळेच्या रंगपेटीतल्या पाण्याचा रंग आला.

खरा घात मात्र लाल चौकोनानं केला. मी तो तीन दहाला ठेवला होता, शाळा तेव्हा सुटते म्हणून. त्याआधी कोणीतरी अडीच ते तीन बैठक टाकून मोकळं झालं. "अहवाल तर काय, नंतरही होईल ना?" हा युक्तिवाद बिनतोड होता. पण शाळेचं फाटक पंचवीस मिनिटांवर आहे. मी तीन पंचवीसला पोचलो तेव्हा बाकावर लेक आणि तिचं दप्तर एवढेच उरले होते. ती काही बोलली नाही. वॉचमननं घड्याळाकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

त्या रात्री मी उलटं मोजायला बसलो. तीन दहाला फाटक, म्हणजे दोन चाळीसला निघायला हवं, कारण पाच मिनिटं लिफ्ट, किल्ली आणि "जाता जाता एक विचारू?" यांची. त्याआधीची दहा मिनिटं आवरायला. म्हणजे लॅपटॉप अडीचला बंद, आणि परत टेबलाशी येईपर्यंत पावणेचार. शाळा सुटणं हा कॅलेंडरातला ठिपका नसून सव्वा तासाचा धोंडा आहे. तो आधी ठेवायचा आणि उरलेलं पाणी त्याच्या भोवतीनं जाऊ द्यायचं. मी तो रोजचा म्हणून लावून टाकला. नाव आधी 'शाळा' दिलं होतं. पण शाळा दिसली की लोकांना वाटतं, आज आजी-आजोबा जातील. म्हणून 'बाहेर' केलं. बाहेर असलेल्या माणसाला कोणी का, कुठे, कशाला विचारत नाही.

उरले साडेनऊ ते अडीच, म्हणजे ३०० मिनिटं. मंगळवारी एका कागदावर प्रत्येक व्यत्ययाची रेघ आणि त्याची मिनिटं लिहीत गेलो. तेरा रेघा, ९४ मिनिटं. जेवणाची ३० वजा केली की हातात १७६. 'आपण कुठे होतो' हे आठवण्यात गेलेला वेळ यात धरलेलाच नाही. आणि मी कामं भरली होती २७० मिनिटांची! आपल्याच कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, याला काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिलं, 'प्लॅनिंग फॅलसी'. नाव कळल्यानं वेळ वाढत नाही, पण आपण एकटे नाही एवढं कळतं.

आता मी दीडशेच मिनिटांची कामं मांडतो. सकाळी दीड तास सलग, कारण तेव्हा लोक अजून जागे व्हायचे असतात. जेवणानंतर एक तास. मधली जागा पांढरीच. ती आळसाची नाही, तेरा रेघांची आहे. निळं मोडलं तर ते पांढऱ्यात सरकतं, पिवळ्याला धक्का लागत नाही. अर्थात शाळेतून ताप आल्याचा फोन आला की पांढरंही पुरत नाही. त्या दिवशी एकच काम वाचवायचं आणि बाकीचे चौकोन सरळ उद्यावर ओढायचे.

आवरायच्या दहा मिनिटांत पुढचं पाऊल लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "तो आकडा बघ." पावणेचारला परत येऊन त्या चिठ्ठीकडे मी वीस मिनिटं पाहत होतो. कोणता आकडा? आता पूर्ण वाक्य लिहितो, तक्त्याच्या क्रमांकासकट.

काल २ वाजून २९ मिनिटांनी साहेबांचा मेसेज आला, "दोनच मिनिटं बोलायचंय." मी धीर करून लिहिलं, "पावणेचारला चालेल का?" लगेच उत्तर आलं, "नाही, साडेतीन ते साडेचार मी बाहेर असतो."

मी त्यांचं कॅलेंडर उघडून पाहिलं. रोज, सोमवार ते शुक्रवार, तसाच तासाभराचा धोंडा. नाव, 'बाहेर'.