‘ज्याला यायचं असतं तो येतोच’: या फॉरवर्डचा हिशोब कुठं चुकतो

फॉरवर्ड असा फिरतोय: «जो मित्र ऐन वेळी प्लॅन कॅन्सल करतो, त्याच्या लेखी तुमची किंमत शून्य आहे. ज्याला यायचं असतं तो येतोच. दर वेळी नवीन कारण म्हणजे दर वेळी नवीन थाप. तीनदा झालं की विचारत बसू नका, नंबर डिलीट करा.»

सुरुवात ‘येतोच’पासून करू. दोन आठवडे आधी ‘हो’ म्हणणारा माणूस आणि त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता घरी बसलेला माणूस वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. याकोव्ह ट्रोप आणि निरा लिबरमन या मानसशास्त्रज्ञांनी हे बरंच तपासलं आहे. लांबची गोष्ट आपण हवीशी वाटते की नाही एवढ्यावर ठरवतो, जवळ आल्यावर मात्र जमेल कसं हे बघतो. पंधरा दिवसांपूर्वी ‘सगळे भेटतोय, मजा येईल’ एवढंच दिसतं. त्या दिवशी दिसतं ते असं: कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायलाच शनिवारी संध्याकाळी तास जाऊ शकतो, पुढे ट्रान्स-हार्बरने वाशीपर्यंत अर्धा तास, आणि परतताना रिक्षावाला येईल की नाही हा प्रश्न. हा सगळा खर्च आधीही होताच, फक्त डोळ्यांसमोर नव्हता. म्हणजे ‘हो’ खोटं नव्हतं आणि ‘नाही’ही अपमान करायला नव्हतं.

मग आधीच का नाही सांगत? कारण नकार द्यायची भीती. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांनी २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात आढळलं, की आमंत्रण नाकारलं तर समोरचा किती दुखावेल याचा अंदाज माणसं फुगवून लावतात. प्रत्यक्षात बोलावणारा तेवढा चिडत नाही. ही भीती असलेला माणूस बुधवारी ‘नाही’ म्हणायचं टाळतो, गुरुवारी टाळतो, शुक्रवारी ‘बघू’ म्हणतो आणि शनिवारी पाच वाजता ‘सॉरी यार’ पाठवतो. यात गंमत अशी की बुधवारचा नकार कुणाला फारसा लागला नसता, शनिवारचा लागतो.

आता थापांचं. हा मुद्दा फॉरवर्डमधला सगळ्यांत पटणारा, म्हणून इथं जरा थांबायला हवं.

एखादं कारण खरं की खोटं, हे ऐकून ओळखण्यात माणसं अगदीच कच्ची असतात. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अशा शेकडो प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा अचूक ओळखण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तरी ५० येतात. तेव्हा ‘डोकं दुखतंय’ या मेसेजच्या शब्दांत, इमोजीत किंवा ब्लू टिकच्या वेळेत पुरावा शोधणं सोडून द्यावं. कारणापेक्षा प्लॅनकडे बघावं: जे रद्द झाले त्यांच्यात काय सारखं आहे, आणि जे पार पडले त्यांच्यात ते नाही ना?

त्यासाठी लागतो चॅट आणि एक कागद. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्चमध्ये ‘सॉरी’, ‘जमणार नाही’, ‘नेक्स्ट टाइम’ हे शब्द टाका. रोमन लिपीत लिहीत असाल तर तसेही टाका. गेल्या सहा-आठ महिन्यांचे सगळे प्लॅन लिहून काढा, पार पडलेलेसुद्धा. ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण रद्द झालेली संध्याकाळ टोचून लक्षात राहते आणि पार पडलेली विसरली जाते. प्रत्येक प्लॅनपुढे वार-वेळ, जागा, साधारण खर्च, कोण कोण होतं, दिलेलं कारण, आणि रद्द करणाऱ्यानं स्वतःहून दुसरी तारीख सुचवली का, एवढं पुरे.

उदाहरण घेऊ. समजा, मैत्रीण सीवूड्सला राहते आणि तुम्ही ठाण्यात माजिवड्याला. सहा महिन्यांत नऊ प्लॅन ठरले, पाच तिनं ऐन वेळी रद्द केले. घाणेकर नाट्यगृहातलं रात्रीचं नाटक आणि नंतर जेवण: डोकं दुखतंय. घोडबंदर रोडवर एकीच्या वाढदिवसाचं जेवण: पाहुणे आले. येऊरला बंगला घेऊन एक रात्र: ऑफिसात अचानक काम. रविवारी संध्याकाळी साडेसहाचा सिनेमा: मेगाब्लॉक. वाशीत जेवण: आईचे गुडघे. पाच प्लॅन, पाच कारणं. फॉरवर्डवाला इथंच निकाल देऊन मोकळा होईल, आणि मेगाब्लॉकवर त्याला पकडताही येईल. रविवारचा ब्लॉक सहसा सकाळी अकराच्या आसपास लागतो, दुपारी चार-साडेचारला संपतो आणि आधीच जाहीर झालेला असतो. साडेसहाच्या शोला तो आडवा येत नाही. हे कारण लंगडं आहे, मान्य.

पण पार पडलेले चार बघा. तलावपाळीवर संध्याकाळी फेरफटका आणि कुल्फी. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत सकाळचं चालणं. ठाण्यात एकीच्या घरी हळदीकुंकू. रविवारी सकाळी ठाण्यात मिसळ. आता एकेक शंका तपासता येते. अंतर? नाही, ठाण्यात ती तीनदा आली आणि घराजवळच्या वाशीला आली नाही. संध्याकाळची वेळ? तीही नाही, तलावपाळीला आली होती. तुम्हीच नकोशा? तर चारदा आलीच नसती. उरतो खर्च. आलेल्या चारही वेळी माणशी दीडशे-दोनशेच्या वर काही नव्हतं. रद्द झालेल्या पाचही ठिकाणी रक्कम मोठी होती, आणि बहुतेक ठिकाणी बिल सगळ्यांत सारखं वाटायचं होतं, म्हणजे कुणी काय मागवलं यावर तिचा ताबा नव्हता.

‘पैसे नाहीत’ हे मोकळेपणी सांगणं आपल्याकडे अवघड, म्हणून डोकं दुखतं, पाहुणे येतात. ग्रँट डोनेली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की ‘वेळ नाही’ या कारणानं नात्यात जेवढा दुरावा येतो तेवढा ‘पैसे नाहीत’नं येत नाही. पैशाची अडचण हातात नसते, वेळ मात्र मनात असेल तर काढता येतो, असं ऐकणारा धरतो. थोडक्यात, झाकायला वापरलेलं कारण खऱ्या कारणापेक्षा जास्त नुकसान करतं. पण सांगणाऱ्याला ते माहीत नसतं.

हा निष्कर्षही अजून अंदाजच आहे. नऊ प्लॅन म्हणजे काही फार नाहीत. तेव्हा एकाच वेळी एकच गोष्ट बदलून बघा. वार, वेळ, माणसं तीच ठेवा आणि जेवण कुणाच्या तरी घरी ठेवा, किंवा ग्रुपवर आधीच टाका, ‘माणशी दोनशेच्या आत बसवू, ज्याचं त्यानं द्यायचं.’ अशा दोन प्लॅनना ती आली तर अंदाज बळकट झाला. तरीही नाही आली तर खर्चाचा मुद्दा खोडून पुन्हा कागदाकडे जा. ‘पैशांचं आहे ना गं?’ असं तोंडावर विचारू नका. तो प्रश्न बरोबर असला तरी जिव्हारी लागतो, आणि त्यानंतर तिला पुढच्या प्लॅनसाठी आणखी एक कारण शोधावं लागतं.

‘तीनदा’ हा आकडा कशातून तीन हे न सांगता काहीच सांगत नाही. चारातून तीन आणि वीसातून तीन यांत काय साम्य? आणि तुम्ही स्वतः किती वेळा रद्द केलंत हेही त्याच कागदावर येऊ द्या.

न विचारता नंबर डिलीट करण्याचा सल्ला मात्र सरळ वाईट आहे. विचारायचं, पण कसं आणि कधी याला महत्त्व आहे. रद्द झाल्याच्या संध्याकाळी नको, तेव्हा तुम्ही चिडलेल्या असता आणि ती बचावात. ग्रुपवर तर अजिबात नको. ‘मॅडम आज तरी उगवणार का?’ असली टिंगल झाली की पुढच्या वेळी यायला आणखी जड जातं. दोन-तीन दिवसांनी फोन करा आणि ‘का नाही आलीस?’ऐवजी ‘तुला कुठं, केव्हा सोयीचं पडेल ते तू सांग’ असं म्हणा. ‘का’ विचारलं की कारण मिळतं, आणि कारणं तर आधीच पाच जमली आहेत. सोय विचारली की अडचण हळूहळू आपोआप बाहेर येते. सोबत नकाराची तारीख द्या: ‘बुधवारी रात्रीपर्यंत नाही म्हणालीस तर काही वाटणार नाही, गुरुवारी तिकिटं काढतेय.’ ऐन वेळच्या कॅन्सलवर याच्याइतका साधा उतारा नाही.

फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांनी १९६७ मध्ये मांडलेली कसोटी इथं उपयोगी पडते: ही वागणूक फक्त तुमच्याशीच की सगळ्यांशी? इतरांच्या तशाच खर्चाच्या, तशाच वेळेच्या बेतांना ती जाते, तुमचे तेवढे रद्द होतात, दुसरी तारीख कधी तिच्याकडून येत नाही, आणि काम असलं की फोन मात्र येतो, असं कागदावर दिसलं तर फॉरवर्डचं पहिलं वाक्य त्या एका माणसापुरतं खरं धरा. भेटी कमी करा. तरीही नंबर डिलीट करायची गरज काय?

याच्या उलटं चित्र जास्त काळजीचं. पूर्वी नियमित येणारा माणूस दोन-तीन महिन्यांत सगळ्यांचेच प्लॅन मोडायला लागतो, फुकटचेही, आवडीचेही, आणि कारणं छोटी होत होत नुसतं ‘नको रे’ उरतं. इथं कागदावर समान धागा सापडत नाही, कारण बदल प्लॅनमध्ये नसून माणसात झालेला असतो. झोप, जेवण, कामावर जाणं कसं चाललंय ते विचारा, बाहेर बोलावण्याऐवजी त्याच्या घरी जा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर डॉक्टरांकडे नेणं योग्य. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आणि तिकिटाच्या पैशांचं. नाटकाचं तिकीट काढलं आणि ती आली नाही, तर पैसे मागा, त्याच आठवड्यात, रकमेसह, एका ओळीत. तोंड दाबून बसलात तर पुढच्या सहा महिन्यांत ते पाचशे रुपये तुमच्या बोलण्यात टोमणे होऊन निघतात, आणि तिला वाटत राहतं की आपण नाटकाला आलो नाही म्हणून तुम्ही रागावलात.