लॅव्हेंडरच्या टॅगच्या भाषांतरावरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (२ स्टार): "लॅव्हेंडरच्या टॅगवर इंग्लिशमध्ये फुल सन, प्रोटेक्ट फ्रॉम विंटर वेट, हार्डी टू झोन ५ असं होतं. यांनी झोन उडवला, हिवाळ्याचा पावसाळा केला आणि उन्हाची ओळ वाढवली. भाषांतर सांगितलं होतं, स्वतःचा सल्ला नाही."

नमस्कार, ओळ न् ओळ ताडून बघितलीत ते बरंच केलंत, नर्सरीवाल्याने टॅग असाच तपासायला हवा. या तिन्ही ओळी आम्ही विचार करून बदलल्यात आणि का ते इथेच सांगतो, कारण तुमची रोपं घेणारं गिऱ्हाईकपण हे वाचेल.

आधी ती हिवाळ्याची ओळ, कारण रोप मरतं ते तिथेच. हा टॅग ज्या थंड देशांसाठी लिहिलाय तिथे हिवाळ्यात ऊन कमी, माती महिनोन्‌महिने ओली, आणि लॅव्हेंडरची मुळं थंडीपेक्षा त्या ओलाव्यानेच कुजतात. आता हीच ओळ "हिवाळ्यात ओलाव्यापासून जपा" अशी छापली तर आपला वाचक काय करेल? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, पाऊस जवळपास नसतोच, तेव्हा तो बिचारा पाणी तोडेल आणि जून ते सप्टेंबर कुंडी उघड्यावर ठेवेल, म्हणजे नेमकं उलटं. टॅगला सांगायचंय की ज्या महिन्यांत माती सुकत नाही तेव्हा जपा, आणि आपल्याकडे ते महिने पावसाळ्याचे. म्हणून "पावसाळ्यात छपराखाली, हवेशीर जागी ठेवा" असं लिहिलं. सडायला लागलं की खालची पानं करडी-काळपट होतात, माती ओली असूनही फांद्या मान टाकतात आणि बुंधा काळा पडतो. तेव्हा माणूस पाणी कमी पडलं समजून अजून ओततो, तिथेच रोप हातचं जातं.

झोन ५ बद्दल. हा अमेरिकेच्या यूएसडीएच्या नकाशातला आकडा आहे आणि तो फक्त एकच गोष्ट सांगतो, वर्षातलं सगळ्यात कमी तापमान सरासरी किती खाली जातं. झोन ५ म्हणजे साधारण उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सिअस. उन्हाळा किती तापतो, हवा किती दमट, यातलं काहीच त्यात नाही. आपल्या वाचकाचा प्रश्न एप्रिल-मेचा आहे, त्याला हा आकडा देऊन उपयोग तर नाहीच, उलट "हार्डी" वाचून त्याला वाटेल की रोप कसंही टिकेल. म्हणून ती ओळ काढली आणि तिच्या जागी उन्हाळ्याची घातली.

ऊन तर आम्ही कमी केलेलंच नाही. फुल सन म्हणजे दिवसाला किमान ६ तास थेट ऊन, आपल्या मराठी टॅगवरपण ६ तासच आहेत, पुढे "मार्च ते मे दुपारी सावली" एवढं जोडलंय. थंड देशातलं दुपारचं ऊन आणि आपल्या गच्चीवरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन एक नाही, त्यात रोप कुंडीत असलं तर कुंडीच तापते आणि मुळं आतून भाजतात, खाली जायला थंड माती नसते. सकाळी ऊन पडणारी जागा दिली की तास भरतात आणि दुपार टळते.

अजून एक ओळ बदललीय, तुम्ही ती लिहिली नाहीत पण सांगतो. मुळात "वन्स एस्टॅब्लिश्ड, ड्रॉट टॉलरंट" आहे. नुसतं "कमी पाण्यावर जगतं" लिहिलं असतं तर नवीन लावलेलं रोप महिन्याभरात वाळलं असतं, कारण ही ताकद मुळं पसरल्यावर येते आणि कुंडीतल्या रोपाला जमिनीतल्याइतकी कधीच येत नाही. म्हणून "मुळं धरेपर्यंत नियमित पाणी, नंतर बोट घालून बघा, वरची इंचभर माती सुकली की द्या" असं केलं.

मातीच्या ओळीला हात लावला नाही, निचरा होणारी माती सगळीकडे तीच. फक्त "सँडी"साठी "जाड वाळू मिसळलेली" घेतलं, कारण बारीक वाळू चिकट काळ्या मातीत घट्ट बसते आणि निचरा होण्याऐवजी अडतो.

बदललेल्या ओळींची शीट, मूळ ओळ आणि कारणासकट, फाइलसोबतच पाठवलेली आहे, प्लीज ती एकदा उघडून बघा. आणि तुमची रोपं थंड डोंगराळ भागात विकली जाणार असतील तर तेवढं कळवा, तिथे मार्च ते मेच्या सावलीची ओळ लागणार नाही, ती काढून वेगळा टॅग करून देतो. पावसाळ्याची ओळ मात्र तिथेही ठेवावी लागेल.