मराठी ओटीटी काढायचं, नेट चालू ठेवायचं: ग्राहकाच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू: "मराठी ओटीटी बंद करा म्हणून दोनदा फोन केला. ॲपही मोबाइलमधून काढून टाकलं. तरी दोन महिने तेच ८२३ रुपयांचं बिल. तुमचा मुलगा म्हणतो, अख्खं कनेक्शन बंद करावं लागेल. मला नेट हवंय, ओटीटी नको!"

नमस्कार मॅडम,

कनेक्शन बंद करावं लागत नाही. आमच्या माणसाने तुम्हाला चुकीचं सांगितलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

त्याचा गोंधळ कुठे झाला ते सांगतो. काही ग्राहकांच्या बिलात नेट आणि ओटीटी अशा दोन ओळी असतात, तिथे ओटीटीची ओळ काढली की काम झालं. तुमचा मात्र कॉम्बो प्लॅन आहे. बिलात ६९८ रुपयांची एकच ओळ आहे, त्यामुळे त्याला काढायला वेगळं काही दिसलं नाही. अशा वेळी प्लॅनच बदलून त्याच स्पीडचा ५९९चा साधा प्लॅन लावायचा असतो. युजरनेम, पासवर्ड, राउटर सगळं तेच राहतं. प्लॅन बदलताना नेट मिनिटभर तुटून परत जोडलं जातं, तेवढंच.

ॲप मोबाइलमधून काढल्याने पॅक बंद होत नाही, कारण तो तुमच्या नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर आमच्याकडून चालू झालेला असतो. बरेच जण यूपीआयचा ऑटोपे रद्द करतात. तसं कृपया करू नका. त्या ऑटोपेमधून पूर्ण बिल जातं, त्यामुळे मुदत संपली की ओटीटीसोबत नेटही थांबेल.

बदल नेहमी रिन्यूअलच्या तारखेलाच लावून घ्यावा. मधेच केला तर जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस बुडतात. तुमचं रिन्यूअल ५ तारखेला आहे, साधा प्लॅन त्या दिवसापासून लागेल अशी नोंद आजच केली आहे. ५९९ वर १८ टक्के जीएसटी धरून बिल ७०६.८२ होईल. आधी ते ८२३.६४ होतं, म्हणजे महिन्याला ११६.८२ कमी.

५ तारखेनंतर एकदा खात्री करून घ्या. बिलावर साध्या प्लॅनचं नाव हवं, आणि नोंदवलेल्या नंबरने ॲपमध्ये लॉगिन केल्यावर पॅक संपल्याचं दिसायला हवं. बिल कमी झालं, तरी ॲप चालूच असेल, तर घरातल्या कुणीतरी ते थेट ॲपमधूनही घेतलेलं असतं. ते पैसे आमच्याकडे येत नाहीत आणि आम्हाला ते बंदही करता येत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून त्या ओटीटीचं नाव दिसतंय का बघा, आणि फक्त तेवढंच रद्द करा. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तसा मेसेज येतो, त्यावरूनही कळेल.

तुमचा पहिला फोन आमच्या रजिस्टरला नोंदलेला आहे. त्यानंतरच्या दोन महिन्यांचे २३३.६४ रुपये आम्ही वळते करून देत आहोत. त्यामुळे ५ तारखेला तुम्हाला ४७३.१८ रुपयेच भरायचे आहेत.